राहूने चंद्र गिळला, म्हणजे आकाशात काय दिसलं? : ग्रहणाच्या कथांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात ग्रहण असलं की आदल्या आठवड्यात दोन प्रकारचे प्रश्न येतात. एक, वेध कधी लागतात आणि स्वयंपाक कधी उरकायचा. दोन, राहू-केतू हे सगळं थोतांड आहे ना? पहिल्याचं उत्तर पंचांगात मिळतं. दुसऱ्याचं एका शब्दात देता येत नाही, म्हणून हे पान. इथे मुख्यतः राहूबद्दलच लिहिलं आहे. जगभरच्या ग्रहणकथांची यादी कुठेही मिळेल, पण कथेपासून गणितापर्यंतचा अख्खा प्रवास एकाच परंपरेत आणि लेखी स्वरूपात बघायचा, तर राहूइतकं चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

राहूची मूळ कथा कुठे आहे?

महाभारताच्या आदिपर्वात, समुद्रमंथनाच्या आख्यानात. अमृतवाटप चालू असताना राहू नावाचा दानव देवाचं रूप घेऊन पंगतीत बसला. सूर्य-चंद्रांनी त्याला ओळखून चहाडी केली आणि विष्णूने चक्राने त्याचं डोकं उडवलं. अमृत तोवर घशापर्यंतच पोचलं होतं, म्हणून डोकं तेवढं अमर झालं. तेव्हापासून राहूच्या मुखाचं या दोघांशी कायमचं वैर, आणि तो आजही त्यांना ग्रासतो, असं तो श्लोक सांगतो. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतही ही कथा मूळ संहितेतच आहे, तळटीपेत ढकललेली नाही. मात्र धडाचा केतू झाला हे तिथे कुठेही नाही. ती भर नंतरची.

वेदांतही राहूच आहे का?

ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात ग्रहणाचं सूक्त आहे, पण त्यात गिळणारं कुणी नाही. स्वर्भानू नावाचा असुर सूर्याला अंधाराने विंधतो, सगळी भुवनं वाट चुकल्यासारखी गोंधळतात आणि अत्री ऋषी मंत्रबळाने झाकलेला सूर्य शोधून काढतात. राहूचं नाव अथर्ववेदात सूर्याच्या जोडीने येतं. छांदोग्य उपनिषदात तर 'राहूच्या मुखातून सुटलेल्या चंद्रासारखा' अशी उपमाच आहे. उपमा द्यायची तर ऐकणाऱ्याला ती गोष्ट आधी ठाऊक असावी लागते, म्हणजे तोवर ही समजूत घरोघरी पोचली असणार.

आधी अंधार, मग तोंड, मग शिरच्छेदाची कथा, असा हा क्रम दिसतो. 'आमच्या पूर्वजांना सगळं आधीपासून माहीत होतं' आणि 'त्यांना काहीच कळत नव्हतं' या दोन्ही वाक्यांना इथेच अडचण येते. समजूत बदलत होती, आणि बदलत होती म्हणजे कुणीतरी वर बघत होतं.

पण तोंडच का? झाकणं, विझणं, चोरीला जाणं असं काही का नाही?

कारण ते तसं दिसतं. खंडग्रास ग्रहणात बिंबाची एक कड गोलाकार तुटते, आणि तो तुकडा भाकरीचा घास तोडल्यासारखा दिसतो. ढग आला तर अख्खा चंद्र मळतो, दिवा विझताना सगळीकडून मंद होतो, पण ग्रहणात उरलेला भाग आधीइतकाच झगझगीत राहतो आणि तुटलेल्या भागाची कड रेखीव असते. हे बघणाऱ्या माणसाला चावा आठवला तर त्यात नवल नाही. म्हणूनच एकमेकांशी संबंध नसलेल्या लोकांनीही गिळणारा प्राणी कल्पिला. उत्तर युरोपातल्या नॉर्स कथांत सूर्य-चंद्रांच्या मागे लागलेले लांडगे आहेत, कोरियात आगीचे कुत्रे, व्हिएतनाममध्ये बेडूक. प्राणी आपापल्या परिसरातला, चावा मात्र सगळ्यांनी एकच पाहिला होता.

मग राहूच्या कथेत इतरांपेक्षा वेगळं काय?

दोन गोष्टी. पहिली म्हणजे, सूर्य आणि चंद्र दोघांनाही गिळणारा एकच आहे. नॉर्स कथेत सूर्याचा लांडगा वेगळा, चंद्राचा वेगळा. आपल्याकडे दोन्ही घटनांमागे एक कारण धरलं गेलं. हा निष्कर्ष वाटतो तितका सरळ नाही. सूर्यग्रहण दिवसा, अमावास्येला आणि काही मिनिटं ते दोन-तीन तासांत आटोपणारं. चंद्रग्रहण रात्री, पौर्णिमेला, बहुधा त्याहून लांबणारं. त्या दोन्हींचं एक खातं उघडणं म्हणजे कुणाला तरी ती एकमेकांच्या जवळ येताना दिसली असणार.

ती येतातच. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण झालं आणि पंधरा दिवसांत, २१ सप्टेंबरला, सर्वपित्री अमावास्येला खंडग्रास सूर्यग्रहण झालं. दुसरं न्यूझीलंडकडचं, पुण्यात दिसलंच नाही. पण काही वेळा पंधरवड्याच्या अंतराने दोन्ही एकाच गावातून दिसतात, आणि अशी जोडी पाहिलेल्या समाजात एकाच शत्रूची गोष्ट तयार होणं स्वाभाविक आहे.

दुसरी गोष्ट, राहूला पोट नाही. गिळलेली वस्तू गळ्यातून बाहेर पडते. सूर्य-चंद्र दर वेळी अखंड परत येतात, या निरीक्षणाची सोय कथेने शिरच्छेद करून लावली आहे. मला तरी कथेतला हा सगळ्यात हुशार भाग वाटतो. लांडग्याच्या गोष्टीत लांडगा शेवटी जिंकणार असं भाकीत आहे. राहूला जिंकण्याची सोयच ठेवलेली नाही.

राहू अमावास्येला आणि पौर्णिमेलाच का येतो, असं कुणी विचारलं नाही का?

विचारलं, आणि चांगलं खडसावून विचारलं. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेचा पाचवा अध्याय राहूवर लिहिला. त्यात तो आधी लोकांची मतं मांडतो आणि मग एकेक उलटतपासणी घेतो. राहूला खरोखर शरीर असेल आणि त्याची गती ठरलेली असेल, तर अर्ध्या राशिचक्राइतका दूर असलेला सूर्य किंवा चंद्र तो पकडतो कसा? गती ठरलेली नसेल, तर गणिताने ग्रहण आधी सांगता येतं कसं? या कात्रीतून कथेतला राहू सुटत नाही.

मग तो स्वतःचं उत्तर देतो. चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो, सूर्यग्रहणात तो सूर्यबिंबावर येतो. हे त्याच्याआधी आर्यभटाने ४९९ मध्ये एका ओळीत सांगून टाकलं होतं : 'छादयति शशी सूर्यं शशिनं महती च भूच्छाया'. चंद्र सूर्याला झाकतो, आणि चंद्राला पृथ्वीची मोठी छाया. पण वराहमिहिराने त्याला एक पुरावा जोडला, जो गच्चीवरून कुणालाही तपासता येतो.

तो पुरावा कोणता?

चावा कुठल्या बाजूने सुरू होतो हा. वराहमिहिर म्हणतो, म्हणूनच चंद्राचं ग्रहण पश्चिमेकडून सुरू होत नाही आणि सूर्याचं पूर्वेकडून होत नाही.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. रोजच्या उगवण्या-मावळण्याखेरीज चंद्राची स्वतःची चाल आहे, ताऱ्यांमधून पश्चिमेकडून पूर्वेकडे, तासाला साधारण स्वतःच्या बिंबाच्या रुंदीएवढी. चंद्रग्रहणात चंद्र चालत जाऊन छायेत घुसतो, म्हणून त्याची पुढची, म्हणजे पूर्वेची कड आधी काळी पडते. सूर्यग्रहणात तोच चंद्र सूर्यावर पश्चिमेकडून चढतो, म्हणून सूर्याची पश्चिम कड आधी तुटते. चालणारा दोन्ही वेळा चंद्रच. पण एकदा तो स्वतः अंधारात जातो आणि एकदा दुसऱ्याला झाकतो, त्यामुळे बाजू उलटते.

पुण्यात हे दोन्ही पाहता आले. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी आठच्या सुमारास सूर्यग्रहण लागलं, तेव्हा सूर्य आग्नेयेला नुकता वर आलेला होता. अशा वेळी सूर्याची पश्चिम कड म्हणजे वरची कड, आणि चावा वरूनच पडला. ७ सप्टेंबर २०२५ ला रात्री दहाला तीन मिनिटं कमी असताना चंद्र पूर्व-आग्नेयेच्या बाजूला चांगला वर होता. जिथे ढगांनी वाट दिली तिथे त्याची डावी, म्हणजे पूर्वेकडची कड आधी मळली. शहरात तोवर विसर्जन मिरवणुकीचा थकवा होता, त्यामुळे वर बघणारे थोडेच.

आता राहूच्या बाजूने विचार करा. एकच शत्रू सूर्याला नेहमी पश्चिमेकडून आणि चंद्राला नेहमी पूर्वेकडूनच का चावेल? त्याला उत्तर नाही. कथा नुसती मोडीत निघाली असं नाही. ती नेमकी कुठल्या निरीक्षणावर मोडली, हे दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे.

चाव्याच्या आकारावरून काही कळतं का?

कळतं, आणि तो मुद्दा भास्कराचार्यांनी पकडला. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखामुळे ज्यांचं घराणं महाराष्ट्राच्या ओळखीचं आहे तेच हे; त्यांचा सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ ११५० मधला. ते म्हणतात, अर्धा ग्रासलेला चंद्र पाहा : त्याची शिंगं बोथट असतात आणि ग्रहण बराच वेळ चालतं, म्हणजे झाकणारी वस्तू चंद्राहून मोठी. अर्धा ग्रासलेला सूर्य पाहा : शिंगं टोकदार आणि वेळ थोडा, म्हणजे झाकणारी वस्तू लहान. तेव्हा दोघांना झाकणारा एकच राहू असू शकत नाही.

आजच्या आकड्यांत, चंद्राच्या अंतरावर पृथ्वीची गडद छाया चंद्रबिंबाच्या सुमारे अडीच-पावणेतीन पट रुंद असते. इतक्या मोठ्या वर्तुळाची कड लहान बिंबावर जवळजवळ सरळ दिसते, म्हणून शिंगं बोथट. सूर्याला झाकणारा चंद्र मात्र दिसायला सूर्याएवढाच, म्हणून कोर अणकुचीदार. फोनवर काढलेले दोन्हींचे फोटो शेजारी ठेवले तरी हा फरक डोळ्यांत भरतो. सूर्याच्या फोटोसाठी लेन्सपुढे योग्य फिल्टर हवा, आणि डोळ्यांवर ग्रहणाचा चष्मा. एक्स-रेची फिल्म आणि पाण्यातलं प्रतिबिंब हे दोन्ही उपाय अजून घरोघरी चालतात आणि दोन्ही धोक्याचे आहेत.

गिळलेला चंद्र लाल का दिसतो? पोटात गेला तर दिसायलाच नको.

अगदी खरं, आणि कथेची ही दुखरी जागा आहे. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात ग्रहणाचे रंग सांगितले आहेत : अर्ध्याहून कमी ग्रास असता धुरकट, त्यापुढे काळा, मग काळसर तांबूस आणि खग्रास झाल्यावर पिंगट. म्हणजे शेवटपर्यंत डोळे न हटवता पाहणारा माणूस तिथे होता. कारण साधं आहे. पृथ्वीच्या वातावरणातून वळलेला सूर्यप्रकाश छायेत झिरपतो; वाटेत निळा विखुरतो आणि तांबडा उरतो. छाया म्हणजे पूर्ण काळोख नव्हे. तोंडाच्या कल्पनेत मात्र आतून उजेड येण्याची व्यवस्था नाही.

शास्त्रज्ञांनी राहू मोडीत काढला, तर पंचांगात तो अजून कसा?

कारण त्यांनी तो फेकला नाही, त्याला नवं काम दिलं. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला सुमारे पाच अंशांनी तिरकी आहे. या दोन वाटा दोन ठिकाणी छेदतात, त्यांना पात म्हणतात. अमावास्या किंवा पौर्णिमा या पातांजवळ पडली तरच ग्रहण होतं, एरवी चंद्र वरून किंवा खालून निघून जातो. चंद्र जिथे दक्षिणेकडून उत्तरेकडे चढतो तो पात राहू आणि समोरचा केतू. पंचांगात राहू-केतू नेहमी बरोबर समोरासमोर असतात आणि कायम वक्री असतात, ते यामुळेच. पात मागे सरकतात आणि सुमारे १८.६ वर्षांत राशिचक्राची फेरी पुरी करतात.

हे पडताळायचं असेल तर २०२५ चं पंचांग काढा. ७ सप्टेंबरला चंद्र कुंभेत, राहूही कुंभेत, सूर्य सिंहेत आणि त्याच्याजवळ केतू. 'राहूने चंद्र ग्रासला' या वाक्याचा राशींच्या भाषेतला अर्थ हाच. आणि पात मागे सरकतात हे ग्रहणांच्या तारखांतच दिसतं : २०२५ ची जोडी सप्टेंबरच्या ७ आणि २१ तारखांना, २०२६ ची ऑगस्टच्या १२ आणि २८ ला, २०२७ ची २ आणि १७ ऑगस्टला. ग्रहणांचा हंगाम दर वर्षी सरासरी एकोणीस दिवसांनी अलीकडे येतो.

हा अदृश्य बिंदू डोळ्यांना दिसत नाही, पण सूर्य-चंद्रांचा मार्ग अडवतो आणि स्वतःच्या ठरलेल्या चालीने फिरतो. दैत्याची जागा त्याने इतक्या सहज घेतली याचं मला आश्चर्य वाटत नाही. पश्चिमेकडेही हेच झालं; तिथे या दोन बिंदूंना अजगराचं डोकं आणि शेपूट म्हणत.

सगळ्या विद्वानांनी हे मान्य केलं?

नाही. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये आर्यभट, वराहमिहिर प्रभृतींना राहू नाकारल्याबद्दल दोष दिला : वेद-स्मृतींच्या विरुद्ध जाऊ नये, ग्रहणकाळचं स्नान-दान मग व्यर्थ ठरेल. गंमत अशी की त्याच ग्रंथात ग्रहणाचं गणित छायेवरच केलेलं आहे. अकराव्या शतकात भारतावर लिहिणाऱ्या अल् बिरूनीने हे वाचून शंका काढली की ब्रह्मगुप्ताला सॉक्रेटिससारखी, म्हणजे मतांपायी मृत्युदंडाची, गत होण्याची धास्ती असावी. भास्कराचार्यांनी मधली वाट काढली : राहू ब्रह्मदेवाच्या वराने छायेत येऊन बसतो, म्हणजे पुराणही खोटं नाही आणि गणितही. आजही घरोघरी हाच तह चालू आहे. सासूबाई तुळशीपत्र ठेवतात आणि नातू गच्चीवर दुर्बीण लावतो.

ग्रहण पुन्हा कधी येणार हे कथेवरून कळत होतं का?

नाही, आणि कथेची मर्यादा इथे उघडी पडते. वैर धरलेला दैत्य केव्हाही येऊ शकतो. तारीख सांगायला नोंदी लागतात, त्याही पिढ्यान्‌पिढ्या.

उदाहरण घेऊ. ग्रहणं १८ वर्षं आणि सुमारे ११ दिवसांनी जवळजवळ तशीच परत येतात. हे चक्र बॅबिलोनच्या लोकांना ठाऊक होतं. पण चक्रात पूर्ण दिवसांवर एक तृतीयांश दिवस उरतो. तेवढ्यात पृथ्वी आणखी एक तृतीयांश फिरते आणि ग्रहण दुसऱ्या देशाच्या वाट्याला जातं. ७ सप्टेंबर २०२५ च्या ग्रहणाची आधीची आवृत्ती २८ ऑगस्ट २००७ ला झाली, पण भारतात तेव्हा दुपार होती. त्याआधीची १७ ऑगस्ट १९८९ ला, आपल्याकडे सकाळी. त्याआधीची ६ ऑगस्ट १९७१ च्या मध्यरात्रीनंतर, ती इथून दिसण्याजोगी. म्हणजे पुण्यात बसलेल्या माणसाला याच मालिकेतलं पुढचं ग्रहण दिसायला ५४ वर्षं आणि महिनाभर लागला, आणि तेही आभाळ मोकळं असेल तर. दोन्ही वेळा पावसाळा.

एका आयुष्यात हे चक्र डोळ्यांनी सापडणं जवळपास अशक्य. आजोबांनी सांगितलेल्या गोष्टीत दैत्य टिकतो, तिथी-वेळ टिकत नाही. म्हणून ज्यांच्याकडे नोंदवह्या होत्या त्यांना गणित मिळालं, आणि बाकीच्यांकडे कथा राहिली.

आरडाओरडा, ढोल आणि 'दे दान सुटे गिराण' यांचं काय?

प्राण्याला हुसकावायला गोंगाट करणं अनेक देशांत होतं, आणि त्याला यश दर वेळी येत असे, कारण ग्रहण सुटतंच. चुकीचा उपाय हजार वर्षं का टिकतो त्याचं हे सरळ उत्तर आहे. आपल्याकडची 'दे दान'ची हाक वेगळी. तिच्यात दैत्य दानाने शांत होतो, आणि ते दान मागण्याचं काम जातीच्या उतरंडीत मांग समाजावर ढकललेलं होतं. कथेने आकाशाबद्दल काय सांगितलं ते बघताना, जमिनीवर तिने कुणाला कुठे बसवलं हेही बघायला हवं. त्याला लोकपरंपरा म्हणून गोंजारायचं कारण नाही.

ग्रहणाच्या उल्लेखांवरून महाभारताचा काळ काढता येतो, असं वाचलं. खरं आहे का?

असे प्रयत्न पुष्कळ झाले आहेत आणि प्रत्येकाची तारीख वेगळी, कधी हजारो वर्षांच्या फरकाने. अडचण गणितात नाही. युद्धाच्या आधी ग्रहणं येणं हा काव्यात अपशकुनाचा ठरलेला भाग आहे. तिथे गाढवं गाईंच्या पोटी जन्मतात असंही लिहिलेलं आहे. त्या यादीतलं एक कलम निरीक्षण मानायचं आणि बाकीची सोडायची, याला आधार लागतो. शिवाय ग्रहणं इतकी वारंवार होतात की सैल वर्णनाला जुळणारं एखादं कुठल्याही शतकात सापडतं. बाजू, आकार, रंग अशा खुणा जिथे नोंदल्या आहेत तिथेच निरीक्षण झालं असं खात्रीने म्हणता येतं.

हे सगळं स्वतः तपासायची संधी केव्हा?

२ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर पुण्यातून खंडग्रास सूर्यग्रहण आहे. सूर्य पश्चिमेकडे कललेला असेल, त्यामुळे आता पश्चिम कड खालच्या बाजूला. २०१९ ला चावा वरून आला होता, या वेळी खालून यायला हवा. पुण्याचा ऑगस्ट पाहता ढगांचीच भीती जास्त. त्यापेक्षा ३१ डिसेंबर २०२८ ची रात्र भरवशाची. खग्रास चंद्रग्रहणाचा मध्य रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास आहे आणि हवा कोरडी असेल. ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्था अशा वेळी कार्यक्रम ठेवतात, पण यासाठी दुर्बिणीची गरज नाही. ग्रहण लागताना पूर्वेची कड आधी मळते का ते बघा, आणि अर्धा ग्रास झाला की शिंगं बोथट आहेत की टोकदार, तेवढं कागदावर काढून ठेवा.